टॅटू, टोचलेलं नाक-कान आणि रंगवलेले केस: सैन्य भरती, विमान कंपनी आणि बँक यांत काय चालतं, काय नडतं

टॅटू काढायचं ठरलं की मित्रमंडळी एकच सल्ला देतात: "दिसणार नाही अशा जागी काढ, म्हणजे नोकरीला अडचण नाही." बँकेत जाणाऱ्यासाठी हा सल्ला बरोबर आहे. विमान कंपनीत जाणाऱ्या मुलीसाठीही बरोबर आहे. सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलासाठी मात्र तो साफ चुकीचा आहे. सैन्यात दंडावरचा, पाठीवरचा, छातीवरचा टॅटू चालत नाही. चालतो तो फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला, म्हणजे नेमका जगाला दिसेल अशा जागी.

म्हणून "टॅटूमुळे नोकरी जाते का" या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. आधी कुठल्या दारात उभं राहायचं आहे ते ठरवावं लागतं, कारण एका दाराची सुरक्षित जागा ही दुसऱ्या दाराची बाद करणारी जागा असते. इथे तीन दारं घेतली आहेत: सैन्य आणि निमलष्करी भरती, विमान कंपनीतलं केबिन क्रू, आणि बँक-विमा-वकिली कार्यालय अशी जुन्या वळणाची ऑफिसं. आणि तीन गोष्टी: टॅटू, टोचणं आणि केस.

पहिली फूटपट्टी: मागे किती दिवसांत फिरता येतं

या तिन्हींतला खरा फरक कोणती गोष्ट जास्त भडक दिसते यात नाही. जाहिरात निघाल्यापासून मुलाखतीपर्यंत किंवा वैद्यकीय तपासणीपर्यंत जेवढे दिवस मिळतात, तेवढ्यात ती गोष्ट परत फिरवता येते का, यात आहे.

| | मागे फिरायला लागणारा वेळ | मागे काय उरतं |
|---|---|---|
| केस | एक दिवस ते पाच-सहा महिने | काही नाही |
| टोचणं | पूर्ण बरं झालं असेल तर एक मिनिट. नसेल तर भोकावर पाणी सोडावं लागतं | बारीक खळगा |
| टॅटू | साधारण एक वर्ष, कधी जास्त | पुसट सावली, पांढरट डाग किंवा व्रण |

टॅटूच्या ओळीतलं "एक वर्ष" अनेकांना पटत नाही, कारण लेसरच्या जाहिरातीत एक बैठक वीस मिनिटांची असते असं लिहिलेलं असतं. बैठक तेवढीच असते हे खरं आहे. वेळ लागतो तो दोन बैठकांच्या मधे. टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या थरात नसते, खालच्या थरात असते. लेसर त्या शाईचे कण फोडतो, आणि फुटलेले बारीक कण शरीराच्या पेशी हळूहळू वाहून नेतात. हे काम शरीर आपल्या गतीने करतं, म्हणून दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात. साध्या काळ्या टॅटूला सहा बैठका धरल्या तर मधली पाच अंतरं प्रत्येकी आठ आठवड्यांची, म्हणजे चाळीस आठवडे. शेवटच्या बैठकीनंतर रंग उतरायला आणखी दोनेक महिने. झालं वर्ष. घाईने दर पंधरा दिवसांनी बैठक घेतली तर शाई लवकर जात नाही, उलट फोड येतात आणि व्रण उरतो.

आपल्या सावळ्या त्वचेचा इथे आणखी एक अडसर आहे. लेसरची ऊर्जा शाई शोषते तशी त्वचेतलं मेलॅनिनही शोषतं. म्हणून जाणकार डॉक्टर क्यू-स्विच्ड एनडी याग हा लेसर १०६४ नॅनोमीटरवर वापरतात. त्या लांबीची ऊर्जा मेलॅनिनमध्ये कमी शोषली जाते. तीही आधी कमी ठेवून सुरुवात होते, त्यामुळे बैठका वाढतात. "दोन बैठकांत साफ" असं कोणी म्हणालं, की ऊर्जा जास्त लावली जाणार आणि शाईसोबत त्वचेचा रंगही जाणार, असं समजावं. मग काळ्या अक्षरांच्या जागी पांढरी अक्षरं दिसतात, आणि वैद्यकीय तपासणीत तीही वाचता येतात. रंगांत काळा त्यातल्या त्यात सोपा. हिरवा, आकाशी आणि पिवळा चिवट. पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची शाई लेसरखाली काळी पडू शकते. एका टॅटूवर दुसरा टॅटू काढून झाकला असेल तर शाई दुप्पट, बैठकाही त्याच हिशोबाने. आणि मनगट-पंजाजवळचा टॅटू छातीवरच्या टॅटूपेक्षा सावकाश जातो, कारण हृदयापासून लांबच्या भागातून कण वाहून नेण्याचं काम मंद चालतं.

सैन्य आणि निमलष्करी दलं: नियम कागदावर, तपासणी कपडे उतरवून

या दारात मुलाखत घेणाऱ्याच्या आवडीनिवडीला जागा कमी आहे. नियम लिहिलेला आहे आणि तो डॉक्टर तपासतो. पण "सैन्य" आणि "निमलष्करी" यांचे नियम एकसारखे नाहीत, आणि पोरं नेमकी इथेच फसतात.

भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या जाहिरातींतली अट साधारण अशी: कायमचं गोंदण फक्त कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालेल. इतर कुठेही असेल तर उमेदवार पुढे जाणार नाही. आदिवासी जमातींच्या रूढीप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर असलेल्या गोंदणाला सूट आहे, पण प्रत्येक प्रकरण वेगळं पाहून. गडचिरोलीतल्या माडिया किंवा मेळघाटातल्या कोरकू घरातल्या मुलाला ही सूट मागता येते. गावच्या जत्रेत मशीनवर काढलेला विंचू मात्र रूढीत बसत नाही.

कर्मचारी निवड आयोगामार्फत होणाऱ्या जीडी कॉन्स्टेबल भरतीचा, म्हणजे सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, सीआयएसएफ यांचा नियम तीन प्रश्न विचारतो. काय काढलं आहे? धार्मिक चिन्ह, देवाची आकृती आणि नाव चालतं. कुठे काढलं आहे? हाताच्या आतल्या बाजूला, पण फक्त डाव्या हाताच्या, कारण सलाम उजव्या हाताने करतात. किंवा पंजाच्या मागे. केवढं आहे? शरीराच्या त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी. या तीनही प्रश्नांचं उत्तर नियमात बसलं तरच पुढची पायरी. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला काढलेलं नाव सैन्यात चालून जाईल आणि सीआरपीएफमध्ये अपात्र ठरवेल.

आता एक उदाहरण सेंटिमीटरसकट पाहू. समजा सातारा जिल्ह्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. सकाळी मैदान, दुपारी अभ्यासिका. अग्निवीर आणि जीडी दोन्ही भरणार, नाही जमलं तर बँकेची परीक्षा. त्याला हातावर "आई" काढायचं आहे. सगळे काढतात तसं उजव्या हातावर, बाहेरच्या बाजूने, नऊ सेंटिमीटर लांब.

बाहेरची बाजू म्हणजे सैन्यातून बाद. हवाई दलातल्या एका उमेदवाराचं असंच प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं. टॅटू बाहेरच्या बाजूला होता आणि न्यायालयाने हवाई दलाचा निर्णय कायम ठेवला. मग आतली बाजू घेऊ. उजवीकडे आतल्या बाजूला काढला तर सैन्य चालतं, निमलष्करी गेलं. डावीकडे आतल्या बाजूला काढला तर दोन्हीकडचा जागेचा प्रश्न सुटला. उरलं माप. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत त्याचा हात सव्वीस सेंटिमीटर भरला, तर चौथा हिस्सा साडेसहा. एक चतुर्थांश लांबीचा की क्षेत्रफळाचा यावर वाद घालायची पाळी येऊ नये म्हणून लांबी पाच सेंटिमीटरच्या आत आणि उंची तीनच्या आत ठेवावी. नऊ सेंटिमीटरचं "आई" इथे नापास.

त्याला पुढे बँकेतही बसायचं आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. पूर्ण बाहीचा शर्ट घालून टेबलापलीकडे कागद द्यायला हात लांब केला की कफ चार-पाच सेंटिमीटर मागे सरकतो. म्हणजे टॅटू मनगटापासून निदान सात-आठ सेंटिमीटर वर हवा. डाव्या हाताची आतली बाजू, कोपराकडचा भाग, पाच बाय तीनच्या आत, एकच काळा रंग. ही एवढीशी जागा तीन दारांपैकी दोन दारांत चालते. पंजाच्या मागची बाजू नियमात बसते म्हणून तिथे काढू नये. बँकेत ती कोणत्याच बाहीखाली जात नाही.

आणि त्याने आधीच नऊ सेंटिमीटरचं काढून ठेवलं असेल तर? लेसरला वर्ष लागणार हे आपण पाहिलं. जीडीची खुल्या गटाची वयोमर्यादा २३ वर्षांची आहे आणि अग्निवीरची विशीच्या आसपासच संपते. म्हणजे एक टॅटू त्याच्या मोजक्या संध्यांपैकी एक पूर्ण संधी खातो. अपात्र ठरल्यावर फेरतपासणी मागता येते, पण ती लेसरचा कोर्स संपेपर्यंत थांबत नाही. लेसरने पुसायचाच असेल तर जाहिरात निघायच्या आधी पुसायला घ्यावा लागतो, लेखी परीक्षेचा निकाल लागल्यावर नाही.

न्यायालयाचं दार उघडं आहे, हेही सांगायला हवं. सोलापूरच्या एका तरुणाला सीआयएसएफच्या चालक-कॉन्स्टेबल भरतीत उजव्या हातावरच्या धार्मिक चिन्हामुळे अपात्र ठरवलं होतं. टॅटूचा बराचसा भाग त्याने काढून टाकलेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. पण या निकालावर विसंबून टॅटू काढणं हा मूर्खपणा होईल. तो मुलगा जिंकला, तरी त्याला त्यासाठी याचिका करावी लागली.

अर्जासोबत गोंदणाबद्दलचं स्वयंघोषणापत्र मागतात तिथे खरं लिहावं. मेकअपने झाकणं, बँडेज लावणं हे तपासणीच्या खोलीत चालत नाही, आणि लपवल्याचं नंतर उघडकीला आलं तर नियमात बसणारा टॅटूही खोट्या माहितीच्या कलमाखाली येतो.

केस आणि टोचणं या दारात जवळजवळ बिनमहत्त्वाचे आहेत. केस प्रशिक्षण केंद्रात पहिल्याच दिवशी कापले जातात. कानातली बाळी काढून ठेवावी लागते, लहानपणी टोचलेल्या पाळीच्या भोकाचं कुणाला काही वाटत नाही. ताणून मोठं केलेलं भोक मात्र वेगळं, त्याबद्दल पुढे.

विमान कंपनी: गणवेश घातल्यावर काय दिसतं

केबिन क्रूच्या जाहिरातींत ठरलेलं वाक्य असतं: गणवेशात असताना दिसेल असा टॅटू नको. म्हणजे इथे नियम शरीराचा नाही, गणवेशाचा आहे. पाठ, कंबर, मांडीचा वरचा भाग, बरगड्या या जागा इथे सुरक्षित, आणि त्याच सैन्यात बाद. सैन्याला चालणारी हाताची आतली बाजू इथे पहिल्या फेरीत बाहेर काढते, कारण बाही कोपराच्या वर असते. सैन्य आणि विमान कंपनी दोन्हींचे अर्ज भरणाऱ्या मुलीसाठी अंगावर टॅटूला सुरक्षित अशी एकही जागा उरत नाही. तिने पहिली नियुक्ती हातात येईपर्यंत थांबावं, याला दुसरा तोडगा नाही.

मुलींनी आणखी एक जागा तपासावी: घोटा आणि पोटरी. देशी कंपनीत गणवेश पँटचा असेल तर घोटा झाकतो, स्कर्टचा असेल तर पातळ मोज्यांतून काळी रेष स्पष्ट दिसते. ज्या कंपनीत जायचं तिच्या सध्याच्या गणवेशाचा फोटो समोर ठेवून आरशात पाहावं. गणवेश बदलतात, म्हणून काठावरची जागा टाळलेली बरी.

झाकून चालेल का? आखाती कंपन्यांत जाणारी मराठी मुलं-मुली बरीच असतात, आणि एमिरेट्सची अट याबाबत सरळ आहे: गणवेशात टॅटू दिसता कामा नये, आणि सौंदर्यप्रसाधनांनी किंवा पट्टीने झाकलेलाही चालणार नाही. यामागचं कारण हातात कन्सीलर घेऊन पाहिल्यावर कळतं. नीट झाकायचं तर आधी काळ्या-निळ्या शाईला मारणारा नारिंगी रंग थापायचा, तो बसू द्यायचा, वर त्वचेच्या रंगाचं जाड कन्सीलर, मग पावडर, मग स्प्रे. शांत खोलीत फोटोपुरतं हे उत्तम दिसतं. मुंबईच्या दमट हवेत चार तास हात हलवून काम केलं की कडा फाटतात आणि पांढऱ्या बाहीला नारिंगी डाग लागतो. लग्नाच्या एका संध्याकाळसाठी हा उपाय ठीक, रोजच्या बारा तासांच्या ड्युटीसाठी नाही.

जगभर नियम सैल होत आहेत हे खरं आहे. एअर न्यूझीलंडने २०१९ मध्ये आणि व्हर्जिन अटलांटिकने २०२२ मध्ये दिसणारे टॅटू चालवून घेतले. पण नागपूरहून किंवा पुण्याहून मुलाखतीला जाणारी मुलगी ज्या कंपन्यांच्या रांगेत उभी असते, त्या या नव्हेत.

टोचण्याच्या बाबतीत विमान कंपन्या जागा आणि संख्या मोजतात. पाळीत एक जोडी ठीक. भुवई, ओठ, जीभ नाही. नाकाच्या मधल्या पडद्यातली नालेसारखी रिंग वर वळवून नाकपुडीत लपवता येते, हा खरोखर उपयोगी गुण. मात्र ती नव्याने टोचलेली असेल तर पहिले सहा-आठ आठवडे सारखी वळवू नये, जखम चिघळते.

बँक, विमा, वकिली: लिहिलेलं कमी, पाहिलं जास्त

तिसरं दार सगळ्यांत अवघड, कारण इथे बहुतेक वेळा नियमच लिहिलेला नसतो. "नीटनेटका आणि व्यावसायिक पोशाख" एवढंच असतं, आणि नीटनेटकं म्हणजे काय ते समोरचा ठरवतो. सरकारी बँकेत लिपिकाची निवड लेखी परीक्षेवर होते, तिथे टॅटूला भाव देणारं कोणी नाही. अधिकारी पदासाठी मुलाखत असते, खाजगी बँकेत तर मुलाखतच सगळं. आणि खाजगी मालकाने दिसण्यावरून नकार दिला तर त्याला अडवणारा खास कायदा आपल्याकडे नाही. समानतेची घटनात्मक हमी सरकारी नोकरीत कामाला येते, खाजगी कार्यालयात नाही.

या दारात टोचण्याचा अर्थ फार गमतीशीर बदलतो. बाईच्या नाकातली चमकी कुठल्याही महाराष्ट्रातल्या शाखेत कुणाच्या डोळ्यावर येत नाही. तीच चमकी पुरुषाच्या नाकात असली की मुलाखतीचं पॅनल नाकाकडे पाहून प्रश्न विचारतं. कानाच्या वरच्या कडेला मोत्याची भिकबाळी असेल तर "घरची पद्धत दिसते" म्हणतात. त्याच जागी, त्याच भोकात स्टीलची काळी रिंग असेल तर वेगळा अर्थ लावतात. भोक एक, दागिना दोन. म्हणून वरच्या कानाचं टोचलेलं असेल तर मुलाखतीपुरता दागिना बदलणं हा सर्वांत स्वस्त आणि प्रामाणिक तोडगा आहे.

पण बदलण्यासाठी ते भोक बरं झालेलं असावं लागतं. पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. नाकपुडीला दोन ते चार महिने. वरच्या कानाच्या कूर्चेला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत. जानेवारीत वरचा कान टोचला आणि मार्चमध्ये मुलाखत आली, तर दागिना काढता येत नाही. काढला तर भोक काही तासांत आकसतं आणि पुन्हा घुसवताना जखम होते. टोचणं नोकरीला नडतं ते या पहिल्या काही महिन्यांत. त्यानंतर ते तिन्हींमधलं सर्वांत निरुपद्रवी. मुलाखतीच्या हंगामाच्या सहा महिने आधी टोचा किंवा हंगाम संपल्यावर. रोज झाकायचं असेल तर पारदर्शक काचेचा रिटेनर मिळतो. तो भोक उघडं ठेवतो आणि दोन हातांवरून दिसत नाही.

कूर्चा टोचायला बंदूक वापरू देऊ नये. पाळी मऊ असते, ती सहन करते. कूर्चेला बंदुकीचा बोथट दट्ट्या ठेचतो, जंतू आत राहतात, आणि संसर्ग वाढला तर कानाचा आकारच बिघडतो. हा व्रण कुठल्याही रिटेनरखाली लपत नाही. पोकळ सुई आणि टायटॅनियमचा दागिना मागावा.

ताणलेल्या पाळीचा मुद्दा इथेच. भोक आठ-दहा मिलिमीटरच्या पुढे गेलं की ते आपणहून मिटण्याची आशा धरू नये. मग पाळी शिवावी लागते. भूल फक्त त्या जागेपुरती, टाके साधारण आठवड्या-दीड आठवड्याने काढतात, पण लाल रेष फिकी व्हायला महिने लागतात. हिशोबात हे टोचणं टॅटूच्या शेजारी मांडावं, चमकीच्या नाही.

केसांचं या दारात उलटं आहे. परत फिरवायला सोपे, पण रोज, पूर्ण वेळ, सगळ्यांना दिसणारे. निळ्या किंवा गुलाबी केसांच्या मुलीला दहा दिवसांनी मुलाखत असेल, तर घरी काळा रंग आणून थेट लावणं ही नेहमीची चूक. निळा-गुलाबी चढवण्यासाठी केस आधी ब्लीच केलेले असतात. त्यांतला मूळचा तांबूस रंग निघून गेलेला असतो. त्या पोकळ पिवळ्या केसावर थेट काळा लावला तर तो हिरवट, राखाडी आणि निर्जीव दिसतो, आणि चार-पाच धुण्यांत उतरतो. योग्य क्रम असा: आधी तांबूस किंवा सोनेरी तपकिरी रंगाने गेलेली ऊब भरून घ्यायची, मग त्यावर गडद तपकिरी. अगदी काळा नको, तो विगसारखा सपाट दिसतो. रंगाच्या ४८ तास आधी कानामागे थोडा लावून अॅलर्जी तपासायची. मुलाखतीआधी सात-आठ दिवस हे उरकलं की दोन-तीन धुण्यांत कपाळाच्या कडेचे डाग जातात आणि रंग बसतो.

बाजूने मशीन मारलेले केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. तीन मिलिमीटरवरून विंचरता येतील अशा पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत यायला पाच महिने. घाई असेल तर वरचे लांब केस कापून बाजूशी जुळवून घेणं हा एका तासाचा उपाय आहे.

नोकरी लागल्यावर: बढतीचं काय

कुठल्याही वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये "टॅटू" असा रकाना नसतो. तरीही परिणाम होतो, आणि तो बढतीच्या बैठकीत होत नाही, त्याच्या दोन वर्षं आधी होतो. बड्या ठेवीदाराकडे कुणाला पाठवायचं, मुख्य कार्यालयातून पाहुणे आले की कोण सादरीकरण करणार, नव्या शाखेच्या उद्घाटनाला काउंटरवर कोण उभं राहणार, हे शाखाधिकारी बोलून दाखवत नाही, फक्त नाव सांगतो. ज्याचं नाव घेतलं जात नाही त्याच्या खात्यात मोठा ग्राहक येत नाही, उद्दिष्ट पूर्ण होत नाही, आणि मग मूल्यमापनात कमी आकडा खराखुराच असतो. तो आकडा पाहून कुणी टॅटूचं नाव काढत नाही. हा अन्याय आहे, आणि कागदावर सापडत नसल्यामुळे तो सिद्ध करणंही कठीण आहे. ओळखण्याची खूण एकच: आपल्याच ज्येष्ठतेच्या सहकाऱ्याला वर्षभरात किती बाहेरच्या भेटी मिळाल्या आणि आपल्याला किती, हे मोजून ठेवावं. फरक दिसला तर "मला का वगळलं" असं न विचारता पुढच्या तिमाहीतल्या अमुक दोन ग्राहकांकडे जायची मागणी ईमेलवर करावी. नकाराला कारण द्यावं लागतं, आणि दिलेलं कारण लेखी राहतं.

अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दोन हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली तेव्हा टॅटू असणाऱ्यांना नोकरी किंवा पगारात तोटा झालेला दिसला नाही. टॅटूप्रेमी मंडळी हे पुढे करतात. पण ती सगळ्या प्रकारच्या कामांची एकत्र सरासरी आहे आणि अमेरिकेची आहे. सांगली-कोल्हापूरच्या सहकारी बँकेच्या काउंटरबद्दल ती काही सांगत नाही.

नोकरी पक्की झाल्यावर टॅटू काढायचा असेल तर क्रम पाळावा. आधी नियुक्तीपत्र आणि सेवानियम वाचून "दिसण्या"बद्दलचं कलम शोधायचं. परिविक्षा काळ संपू द्यायचा, कारण त्या काळात कारण न देता कमी करणं सोपं असतं. मग मनुष्यबळ विभागाला ईमेलवर जागा आणि माप लिहून विचारायचं; तोंडी "चालेल की" याला साहेब बदलल्यावर किंमत राहत नाही. होकार आला तरी रजा पाहून काढायचा: पहिले दोन ते चार आठवडे खपली असते, सुती बाही घासते, आणि पांढऱ्या शर्टावर शाई-पाणी उमटतं. केबिन क्रू आणि गणवेशधारी सेवांत मात्र विचारण्याआधी हे लक्षात घ्यावं, की भरतीची अट सेवेत आल्यावरही लागू राहते. तिथे नवा दिसणारा टॅटू शिस्तीचा विषय होतो.

पांढऱ्या शर्टाचं एक शेवटचं. दंडावर काढलेला टॅटू बँकेत सुरक्षित असं सगळे म्हणतात. पातळ पांढरा सुती शर्ट घालून खिडकीच्या उजेडात उभं राहा आणि कुणाला तरी चार पावलांवरून पाहायला सांगा. मग तोच शर्ट दंडावर ओला करून पुन्हा पाहायला सांगा, कारण जून महिन्यात शाखेत पोहोचेपर्यंत तो तसाच झालेला असतो. काळी रेष वाचता आली, तर शर्टाचं कापड जाड घ्यावं लागेल किंवा रंग आकाशी. टॅटू अजून काढायचा असेल, तर स्केचपेनने तेवढाच आकार दंडावर काढून हीच चाचणी आधी करून पाहता येते. दोन दिवसांत तो धुऊन जातो.